डाग जावा, त्वचा फासली जाऊ नये: फोनवरचं हीलिंग टूल

फोटोतला बारीकसा मुरूम काढायला हीलिंग टूल उघडलं, बोट टेकवलं, डाग गेला, पण त्या जागी गुळगुळीत, फासल्यासारखा एक ठिपका उरला. फोनवर फोटो सुधारणाऱ्या बहुतेकांना हे माहीत आहे. मग वाटतं की ॲपच भिकार आहे, किंवा असली कामं संगणकावर माऊस घेऊनच करावीत. मला ते पटत नाही. हे टूल आतून काय करतं हे एकदा कळलं, तर बोटानंही ते काम स्वच्छ होतं. उलट ते कळलं नाही, तर माऊस हातात असूनही चेहरा फासला जातो.

म्हणून आधी टूलच्या पोटात काय चालतं ते पाहू.

हीलिंग टूल डाग पुसत नाही. ते फोटोतल्याच दुसऱ्या, स्वच्छ जागेचा एक तुकडा उचलून डागावर बसवतं. पण तुकडा जसाच्या तसा चिकटवला तर तो ठिगळासारखा उठून दिसेल, कारण गालाचा एक भाग उजळ असतो, दुसरा थोडा सावलीत. म्हणून टूल उचललेल्या तुकड्यातून फक्त पोत घेतं, म्हणजे रंध्रं, बारीक लव, शेजारच्या दोन बिंदूंमधला उजेडाचा फरक. रंग आणि उजेड मात्र ते नव्या जागेच्या आजूबाजूकडून घेतं. तुम्ही बोट टेकवलं की जे वर्तुळ तयार होतं, त्याच्या कडेवर जो रंग असेल तो कडेकडून आत आणत आणत ते तुकडा बेमालूम मिसळून टाकतं.

फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश 2002 साली सातव्या आवृत्तीत आला. पुढच्या वर्षी पॅट्रिक पेरेझ, मिशेल गांग्ने आणि अँड्र्यू ब्लेक या तिघा संशोधकांनी या प्रकारच्या मिसळणीचं गणित एका शोधनिबंधात मांडलं. आतला पोत एकीकडून आणि कडेचा रंग दुसरीकडून, हा त्याचा गाभा. आज प्रत्येक ॲप आपापल्या पद्धतीनं हे काम करतं, काही ॲप तुकडा फार हुशारीनं शोधतात, पण कडेचं महत्त्व कुठेच कमी झालेलं नाही.

आणि फासण्याचं मूळ याच कडेत आहे. वर्तुळाची कड स्वच्छ त्वचेवर असेल, तर आत त्वचेचाच रंग येतो. कड ओठाला, भुवईला किंवा केसाला लागली, तर ओठाचा लाल रंग किंवा केसाचा काळा रंग आत ओढला जातो आणि गालावर धुरकट डाग तयार होतो. याच्या उलटही होतं. वर्तुळ मुरुमापेक्षा लहान असेल, तर त्याची कड मुरुमाच्या लालसर भागावरच पडते. टूल मग तोच लाल रंग आत पसरवतं. मुरुमाचा उंचवटा जातो, पण फिकट गुलाबी ढग उरतो. लोक त्यावर पुन्हा बोट टेकवतात, मग पुन्हा, आणि चार-पाच वेळांत तिथली सगळी रंध्रं नाहीशी होतात.

म्हणजे वर्तुळ डागापेक्षा थोडंसंच मोठं हवं आणि त्याची सगळी कड निर्मळ त्वचेवर हवी. फोनवर हे अवघड का जातं, ते मोजून पाहिल्यावर लगेच लक्षात येतं.

बारा मेगापिक्सेलचा उभा फोटो साधारण 3024 पिक्सेल रुंद असतो. फोनचा पडदा 68 मिलिमीटर रुंद धरला, तर पूर्ण फोटो दिसत असताना पडद्याच्या एका मिलिमीटरमध्ये फोटोचे सुमारे 44 पिक्सेल बसतात. गालावरचा मुरूम 30 पिक्सेलचा असेल तर तो पडद्यावर पाऊण मिलिमीटरही भरत नाही. आता टूलचं वर्तुळ पडद्यावर पाच मिलिमीटरचं धरू. ते फोटोत 220 पिक्सेल रुंद झालं. मुरुमापेक्षा सातपट रुंद, आणि क्षेत्रफळात पन्नासपटीहून जास्त. एवढ्याशा मुरुमासाठी अर्धा गाल बदलला जातो, आणि त्या वर्तुळात नाकपुडीची सावली, ओठाचा कोपरा, केसाची बट असं काहीही येऊ शकतं.

उपाय झूमचा. स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये हीलिंगच्या ब्रशचा आकार कमीजास्त करण्याची पट्टी नाही. ब्रश पडद्यावर तेवढाच राहतो आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला की फोटोच्या मानानं ब्रश लहान होतो. वरच्याच फोटोला सहापट मोठं केलं, तर तो मुरूम चार मिलिमीटरचा, मुगाच्या दाण्याएवढा दिसतो, आणि पाच मिलिमीटरचं वर्तुळ त्याच्याभोवती नेमकं बसतं. मी हाच अंदाज वापरतो: डाग मुगाच्या दाण्याएवढा दिसेपर्यंत झूम, मग बोट. दाण्याहून बराच मोठा दिसायला लागला तर थोडं मागे यायचं, कारण तेव्हा वर्तुळ डागाच्या आत पडू लागतं.

लाइटरूमसारख्या ॲपमध्ये ब्रशचा आकार, कडेचा मऊपणा आणि परिणामाची तीव्रता वेगवेगळी ठरवता येते. तिथेही कडेचा नियम तोच. मी पुढचं उदाहरण स्नॅपसीडवर देतो, कारण ते फुकट आहे, अँड्रॉइडवर आणि आयफोनवर दोन्हीकडे मिळतं, आणि त्यात पट्ट्या कमी असल्यामुळे बोट आणि झूम या दोनच गोष्टींवर लक्ष राहतं.

बोटाचा प्रश्न

झूम केल्यावरही एक अडचण उरते. बोट ज्या डागावर टेकवायचं, तो डागच बोटाखाली झाकला जातो. शिवाय आपण नेम धरतो तो नखाच्या टोकाकडे पाहून, पण पडद्याला टेकतो तो बोटाचा खालचा मऊ भाग. फोन त्या टेकलेल्या भागाच्या मध्यावर स्पर्श झाला असं समजतो. त्यामुळे बोट आडवं असेल तर स्पर्श आपल्याला वाटतो त्यापेक्षा किंचित खाली, आपल्या बाजूला पडतो. मोठ्या बटणावर हा फरक जाणवत नाही. मुगाच्या दाण्यावर जाणवतो.

फोन टेबलावर ठेवा. हातात धरलेला फोन टेकवताना हलतो. तर्जनी शक्य तितकी उभी धरा, म्हणजे टेकणारा भाग लहान होतो आणि नेम आणि स्पर्श यांतलं अंतर कमी होतं. नखं वाढलेली असतील तर उभं बोट टेकणार नाही, मग करंगळी वापरून पाहा. कामाला लागण्याआधी फोटोतल्या बिनमहत्त्वाच्या जागेवर, मागच्या भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्यावर एकदा बोट टेकवून पाहायचं. बोट टेकलेलं असताना स्नॅपसीड तो भाग लाल दाखवतं, पण तो बहुतेक बोटाखालीच असतो. म्हणून उचलल्यावर काय झालं ते पाहा. ठिपक्याचा वरचा अर्धा भाग तसाच राहिला असेल तर तुमचा स्पर्श खाली पडतो. मग चेहऱ्यावर काम करताना तेवढंच वर टेकवायचं. नंतर उलट्या बाणानं तो प्रयोग रद्द करायचा.

दुसरी गोष्ट उचलण्याची. बोट उचलताना ते नकळत सरकतं, विशेषतः हाताला घाम असेल किंवा काचेवर तेलकटपणा असेल तर. ते सरकणं ॲपला फटकाऱ्यासारखं दिसतं आणि गोल ठिपक्याऐवजी लांबट पट्टा भरला जातो. फासलेल्या फोटोंपैकी बरेचसे अशा सरकण्यानं फासलेले असतात. पडदा पुसून घ्या, बोट कोरडं करा, सरळ टेकवून सरळ वर उचला. दोन बोटांनी झूम करतानाही एक बोट आधी टेकलं तर कधी कधी तिथे नको असलेला उपचार होऊन जातो. म्हणून झूम बदलल्यावर क्षणभर फोटोकडे पाहून घ्यायची सवय चांगली.

रबरी टोकाची स्वस्त लेखणी मला फारशी उपयोगी वाटलेली नाही, तिचं टोकही बोटाएवढंच बोथट असतं. बारीक टोकाची, फोनसोबत येणारी लेखणी असेल तर मात्र ती जरूर वापरावी. डाग झाकला जात नाही, हा तिचा मोठा फायदा.

एका फोटोवर करून पाहू

मावसबहिणीचा साखरपुड्याचा फोटो घेऊ. डावीकडच्या खिडकीतून उजेड, चेहरा जवळून, त्वचेची रंध्रं दिसतील इतका स्पष्ट. चार गोष्टी डोळ्यात भरतात. डाव्या गालावर एक लाल मुरूम. ओवाळताना लावलेल्या कुंकवाचे पाच-सहा कण नाकाच्या दांड्यावर पडलेले. वरच्या ओठाच्या कडेला अगदी चिकटून एक बारीक पुटकुळी. आणि हनुवटीवर तीळ.

तीळ मी काढत नाही. मुरूम आठवड्यानं जातो, तीळ तिचा आहे. तिनं स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी, पण न विचारता कुणाच्या चेहऱ्यावरची कायमची खूण पुसू नये असं मला मनापासून वाटतं.

फोटो फोनच्या कॅमेऱ्यातला मूळचा घ्यायचा, व्हॉट्सॲपवरून आलेला नको. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि पुन्हा दाबतं. जेपीईजी पद्धतीत फोटो आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत दाबला जातो. फार दाबलेल्या फोटोत रंध्रांऐवजी हे चौकोनच उरतात, मग हीलिंग टूल पोत म्हणून चौकोनच उचलतं. मूळ फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं.

फोटो उघडून `Tools` मधून `Healing` निवडलं. हे काम पहिलं करावं. आधी उठाव किंवा धार वाढवली तर डाग आणखी ठळक होतात, त्यांच्याभोवती कडा उमटतात आणि स्वच्छ कड सापडणं कठीण जातं.

पहिला मुरूम सोपा. चारी बाजूंना मोकळा गाल आहे. दाण्याएवढा होईपर्यंत झूम, उभं बोट, एक टेक. बोट उचलल्यावर जागा शेजारच्या गालासारखी दिसली तर पुढे. गुलाबी ढग उरला, तर त्याच्यावर पुन्हा टेकवायचं नाही. उलट्या बाणानं मागे जायचं, झूम किंचित कमी करायचा, म्हणजे वर्तुळ फोटोत जरा मोठं होऊन लालसर घेराच्या बाहेर पडेल, आणि पुन्हा एकदाच टेकवायचं. ढगावर दुसऱ्यांदा टेकवलं की टूलला आधीच बदललेल्या जागेवर काम करावं लागतं, आणि प्रत्येक वेळी पोत आणखी मवाळ होत जातो. मागे जाऊन नव्यानं टेकवलं तर ते खऱ्या त्वचेवर काम करतं. कधी कधी आकार बरोबर असूनही टूल भलताच तुकडा उचलतं. तेव्हा मागे जाऊन बोट केसभर बाजूला टेकवलं की बहुतेक वेळा दुसरा तुकडा निवडला जातो.

नाकावरचे कुंकवाचे कण पाहिल्यावर एकच फटकारा मारून सगळे एकदम काढावेत असा मोह होतो. तो आवरायचा. नाकाच्या दांड्याची एक बाजू उजेडात आहे, दुसरी सावलीत. लांब पट्टा ओढला तर टूलला ती सगळी जागा भरायला तेवढाच लांब, तसाच उजेड-सावली असलेला तुकडा लागतो. तसा तुकडा दुसऱ्या नाकाशिवाय कुठे मिळणार? मग ते गालाचा तुकडा आणतं आणि नाकाचा दांडा चपटा, मेणासारखा दिसू लागतो. कण सुटे आहेत, त्यांच्यामध्ये स्वच्छ त्वचा आहे. तेव्हा एक कण, एक टेक, बोट उचलायचं, मग पुढचा कण. छोट्या वर्तुळात उजेड फारसा बदलत नाही, त्यामुळे कडेवरचा रंग जुळतो.

कुंकवाच्या बाबतीत एक लक्षात ठेवायला हवं. मोठ्या कणाभोवती बारीक पुडीचा लालसर घेर असतो, तो साध्या नजरेला सहज दिसत नाही. वर्तुळाची कड त्या घेराच्या पलीकडे जायला हवी. दोन कण इतके जवळ असतील की एकाच्या वर्तुळाची कड दुसऱ्यावर पडते, तर त्या दोघांना एकाच टेकेत घ्यायचं, त्यासाठी झूम तेवढा कमी करायचा. हळदीच्या फोटोंत हा प्रश्न जास्त येतो. कपाळभर पसरलेला पिवळेपणा मात्र हीलिंगनं काढायला जाऊ नये, ते सुट्या ठिपक्यांचं टूल आहे.

आता ओठाजवळची पुटकुळी. सगळ्यात अवघड हीच, आणि फासलेले ओठ याच चुकीतून होतात. पुटकुळी आणि ओठाची रेघ यांच्यामध्ये स्वच्छ त्वचा जवळजवळ नाहीच. कितीही झूम केलं तरी पूर्ण पुटकुळी झाकणारं वर्तुळ ओठाला लागणार, मग लाल रंग वर येईल किंवा ओठाची रेघ तुटेल. इथे मी पुटकुळीचा फक्त ओठापासून दूरचा अर्धा भाग काढतो. झूम खूप वाढवायचं, बोट वरच्या बाजूनं टेकवायचं, कड ओठापर्यंत पोहोचू द्यायची नाही. उरलेल्या अर्ध्या भागाकडून या टेकेच्या कडेलाही थोडा लाल रंग येतो, तो चालतो, कारण पुढची पायरी तोच घालवते.

ती पायरी दुसऱ्या टूलची आहे. हीलिंगमधून बाहेर येऊन `Brush` उघडायचं, त्यात `Saturation` निवडायचं, खालचा आकडा `-5` वर आणायचा आणि उरलेल्या लाल भागावरून हलकेच बोट फिरवायचं. हे टूल कुठलाही तुकडा आणत नाही, फक्त तिथला रंग फिका करतं. पोत तसाच राहतो, त्यामुळे फासण्याचा प्रश्नच येत नाही. पुटकुळीचा बारीकसा उंचवटा राहतो, पण लाली गेल्यावर तो ओठाच्या सावलीत मिसळून जातो. बोट ओठावर गेलं तर ओठही फिका पडेल, तेवढं सांभाळायचं. लाइटरूममध्ये इथे आणखी एक वाट आहे: क्लोन निवडून तुकडा कुठून घ्यायचा ते वर्तुळ स्वतः हलवता येतं, आणि ते ओठाच्या त्याच रेघेवर थोडं पुढे नेऊन ठेवता येतं, म्हणजे रेघेला रेघ जुळते. भुवई, केसांची कड, नथीचा मोती, साडीचा काठ यांना चिकटलेल्या डागांनाही हाच विचार लागू पडतो.

फासलं गेलंय हे ओळखायचं कसं

झूम केलेलं असताना आपल्याला फक्त डाग दिसतो आणि तो गेला याचंच समाधान वाटतं. म्हणून दोन-तीन डाग झाले की पूर्ण फोटो दिसेपर्यंत मागे यायचं. फासलेली जागा तीन प्रकारे स्वतःला दाखवते. एक, तिथे रंध्रं नसतात, भोवती दाणेदार त्वचा आणि मध्ये गुळगुळीत ठिपका. दोन, तोच पोत दोनदा दिसतो, शेजारचं एखादं मोठं रंध्र किंवा लव जुळी झालेली असते. तीन, भुवई किंवा ओठाची सावली जिथे नसावी तिथे पुसटशी उमटलेली असते.

डोळ्याला शंका वाटली पण खात्री होत नसेल, तर मी एक तपासणी करतो. हीलिंग मान्य करून `Details` मध्ये जायचं आणि `Structure` बरंच वाढवायचं. चेहरा खरबरीत, भयंकर दिसेल, त्याची काळजी नको. खऱ्या त्वचेचे दाणे वर येतात, आणि फासलेल्या जागा सपाट राहिल्यामुळे लगेच उठून दिसतात. त्या लक्षात ठेवून फुलीचं चिन्ह दाबून बाहेर पडायचं, म्हणजे हा बदल फोटोवर राहत नाही. मग झालेल्या बदलांच्या यादीत मागे जाऊन ते हीलिंग पुन्हा करायचं. फोटो मोठ्या आकारात छापायचा असेल तर ही तपासणी चुकवू नये, फोनच्या पडद्यावर लपलेला ठिपका छापल्यावर लपत नाही.

पूर्ण फोटोत जो डाग दिसतच नाही, तो काढू नये असं माझं मत आहे. सहापट मोठ्या चेहऱ्यावर प्रत्येकालाच शंभर डाग असतात. त्यांच्यामागे लागलं की एकेक टेक निर्दोष असली तरी मिळून गाल प्लास्टिकचा होतो.

पासपोर्ट किंवा व्हिसाच्या फोटोला यातलं काहीच करायचं नाही. तिथे सॉफ्टवेअरनं बदललेला चेहरा चालत नाही, आणि मुरुमासकटचा फोटो अडचणीशिवाय स्वीकारला जातो.

शेवटी साठवताना प्रत वेगळी ठेवा, मूळ फोटो तसाच राहू द्या. आणि पाहुण्यांकडे पाठवताना तीच प्रत डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर इतक्या काळजीनं राखलेली रंध्रं पाठवतानाच दाबली जातील.